अडीच मीटरची पागोळी, दोन किलोमीटरचा पाऊस

कौलारू घराच्या पडवीत पाऊस बघत बसलं की दोन तऱ्हेचे थेंब दिसतात. एक आभाळातून आलेले, अंगणभर तडतडणारे. दुसरे पागोळीचे. कौलाच्या टोकाशी पाणी जमतं, थेंब फुगतो, लोंबतो, आणि स्वतःचं वजन पेलेनासं झालं की तुटून खाली येतो. वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी पडून त्याने अंगणाच्या कडेला खळग्यांची एक ओळ कोरलेली असते. पावसाच्या थेंबाला तसा खळगा पाडता येत नाही, कारण त्याची जागा ठरलेली नसते.

या दोन थेंबांच्या वेगाचा हिशेब मी पहिल्यांदा मांडला, तेव्हा आकडे पुन्हा तपासून पाहिले होते. पागोळीचा थेंब मोठा असतो, साधारण ५ मिलीमीटर व्यासाचा. तो अडीच मीटर उंचीवरून सुटला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ६.१ मीटरच्या आसपास असतो. पावसाचा मध्यम थेंब २ मिलीमीटरचा. तो दोन किलोमीटरवरच्या ढगातून येतो, म्हणजे पागोळीच्या आठशेपट उंचीवरून. आणि त्याचा जमिनीपाशी वेग किती? सेकंदाला ६.५ मीटर.

आठशेपट उंचीने वेगात जेमतेम अर्ध्या मीटरची भर पडली. हवा नसती, तर दोन किलोमीटरवरून सुटलेला थेंब वीस सेकंदांत जमिनीवर आला असता आणि तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरच्या वर असता. तशा पावसात भाताचं रोप उभं राहिलं नसतं. प्रत्यक्षात थेंबाला खाली यायला पाच मिनिटांच्या आसपास लागतात, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ त्याचा वेग वाढत नसतो.

याचं शाळेतलं स्पष्टीकरण बहुतेकांना आठवत असेल. थेंबाचं वजन त्याला खाली ओढतं आणि हवा त्याला वर रेटते. वजन बदलत नाही, पण हवेचा रोध वेगाबरोबर वाढत जातो. वाढता वाढता रोध वजनाइतका झाला की थेंबावर निव्वळ बल उरत नाही, त्वरण संपतं आणि थेंब एका ठरावीक वेगाने पडत राहतो. हा टर्मिनल वेग. मराठी पुस्तकांत त्याला कुठे अंत्य वेग, कुठे अंतिम वेग म्हणतात. ‘अंतिम वेग’ हा शब्द मी टाळते, कारण नववीच्या गणितांत तोच शब्द प्रवासाच्या शेवटी असलेल्या वेगासाठी येतो, आणि इथे सगळा घोळ त्या ‘शेवटी’ या शब्दातच आहे.

बारावीच्या वर्गात हे शिकवताना एका मुलीने मला विचारलं होतं, “मॅडम, मग रोध वजनाइतका नेमका कधी होतो? किती सेकंदांनी?” प्रश्न अगदी साधा होता. उत्तर द्यायला मी फळ्याकडे वळले आणि सूत्र मांडल्यावर तिला सांगावं लागलं, की कोणत्याच सेकंदाला नाही. शाळेतल्या त्या स्पष्टीकरणात ‘झाला की’ असं जे म्हटलं जातं, तो क्षण सूत्रात येतच नाही. टर्मिनल वेग ही वेगाच्या सूत्राची सीमा आहे. गणितात सीमा म्हणतात त्या अर्थाने: काळ अमर्याद वाढवत नेला की सूत्राची किंमत ज्या संख्येला हवी तितकी जवळ जाते, ती संख्या.

हे नीट बघायला आधी ढगातला एक बारीक थेंबुटा घेऊ, कारण त्याचं सूत्र सोपं आहे. तो २० मायक्रोमीटर व्यासाचा आहे, म्हणजे एका मिलीमीटरमध्ये असे पन्नास ओळीने बसतील. इतक्या लहान आणि संथ वस्तूला हवा चिकट द्रवासारखी भासते, आणि हवेचा रोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो. जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये दिलेला हा नियम. रोध kv धरला, तर वजन आणि रोध यांतली वजाबाकी थेंबुट्याचा वेग बदलते:

m dv/dt = mg − kv

इथे एक युक्ती केली की समीकरण बोलायला लागतं. वजन आणि रोध ज्या वेगाला बरोबर होतील तो वेग mg/k. त्याला V म्हणू. थेंबुट्याचा आत्ताचा वेग V पेक्षा जितका कमी आहे, तितकी त्याची तूट. समीकरण तुटीच्या भाषेत लिहिलं तर ते एवढंच म्हणतं: तूट ज्या दराने घटते, तो दर तुटीच्याच प्रमाणात असतो. तूट मोठी असेल तर भराभर घटते, लहान झाली की सावकाश. कर्जाच्या उरलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा दर महिन्याला फेडायचा ठरवला, तर हप्ता लहान होत जातो आणि कर्ज नाहीसं कधीच होत नाही. थेंबुट्याच्या तुटीचं तसंच आहे. असं घटणं e च्या ऋण घातांकाने लिहितात, आणि थेंबुटा स्थिर अवस्थेतून सुटला असेल तर सूत्र येतं:

v(t) = V(1 − e^(−t/T))

यातला T म्हणजे m/k. त्याचं एकक सेकंद निघतं आणि त्याला कालस्थिरांक म्हणतात. V = mg/k असल्यामुळे V = gT हेही लगेच दिसतं. म्हणजे हवा नसताना V इतका वेग यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा हा T.

आता t वाढवत नेऊ. T इतका वेळ गेला की थेंबुट्याने V चा ६३ टक्के वेग गाठलेला असतो. दुप्पट वेळाने ८६ टक्के, तिप्पट वेळाने ९५, पाचपट वेळाने ९९.३. कंसातला e^(−t/T) हा आकडा शून्याकडे जातो, पण कोणत्याही t ला शून्य होत नाही. म्हणून वेग कोणत्याही t ला V होत नाही. आणि तरीही तुम्ही कितीही बारीक फरक सांगा, शंभरात एक, लाखात एक, मी तुम्हाला अशी वेळ सांगू शकते की तिच्यानंतर तूट त्या फरकाहून कमीच राहील, पुन्हा कधी वाढणार नाही. सीमा V आहे याचा पूर्ण अर्थ हाच. यात ‘अनंत’ नावाच्या एखाद्या वेळी थेंबुटा कुठे पोहोचतो असं काही म्हटलेलं नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तरही याच सूत्रात आहे. आपल्या थेंबुट्यासाठी V येतो सेकंदाला १.२ सेंटिमीटर, आणि T येतो ०.००१२ सेकंद. तूट दहा लाखांत एक इतकी कमी व्हायला T च्या १३.८ पट वेळ लागतो, म्हणजे ०.०१७ सेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे गणितात कधीच न येणारी गोष्ट इतक्या लवकर इतकी जवळ येते, की कोणत्याही उपकरणाला फरक कळू नये. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

जाता जाता, सेकंदाला १.२ सेंटिमीटर या आकड्यातच ढग खाली का पडत नाही याचंही उत्तर आहे. ढग पडतच असतो. पण या वेगाने दोन किलोमीटर उतरायला थेंबुट्याला सेहेचाळीस तास लागतील, आणि खालून वर येणारी हवा याहून कितीतरी जास्त वेगाची असते.

सीमा काढताना वर्गात एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यावर थोडं थांबते. समीकरण सोडवताना एक ऋण चिन्ह सुटतं आणि घातांक +t/T होतो. मग t अनंताकडे नेलं की कंसातली संख्या उणे अनंताकडे पळते आणि थेंब वरच्या दिशेने झेपावतो. काही मुलं ‘अनंत’ सूत्रात घालून पुढे जातात, उत्तर विचित्र आलं की ‘हवेच्या रोधामुळे’ असं लिहून मोकळी होतात. चूक पकडायचा उपाय सोपा आहे. सूत्र दोन्ही टोकांना तपासायचं. t शून्य ठेवलं तर वेग शून्य यायलाच हवा, कारण थेंब तेव्हाच सुटला आहे. चिन्ह चुकलं तरी हे येतं, म्हणून एवढ्यावर समाधान मानू नये. t अगदी लहान ठेवलं तर वेग gt यायला हवा, कारण सुरुवातीला हवेने अजून अडवायला सुरुवातच केलेली नसते. चिन्ह चुकलेलं सूत्र इथे −gt देतं आणि चोरी उघडी पडते. मग तिसरी तपासणी सीमेची: ती mg/k आली पाहिजे, आणि हे मूळ समीकरणात dv/dt शून्य ठेवूनही एका ओळीत मिळतं.

हुशार मुलं इथे विचारतात, की शेवटचं उत्तर dv/dt शून्य ठेवून एका ओळीत मिळत असेल तर सूत्र आणि सीमा यांचा खटाटोप कशाला? कारण त्या एका ओळीने एवढंच कळतं, की V या वेगाने पडणारी वस्तू V नेच पडत राहील. स्थिर अवस्थेतून सुटलेली वस्तू V कडे जाईलच, हे त्या ओळीत नाही. ती किती वेळात जाईल, हे तर मुळीच नाही. चिन्ह चुकलेल्या सूत्रातसुद्धा V हा समतोलाचा वेग होताच, पण तिथे वस्तू त्याच्यापासून दूर पळत होती.

आणि किती वेळात, हा प्रश्न लहान नाही. सूत्रात t कधी एकटा येत नाही, नेहमी t/T असा येतो. म्हणून ‘काळ अनंताकडे’ याचा व्यवहारातला अर्थ ‘T च्या मानाने खूप जास्त काळ’. विमानातून उडी मारून छत्री न उघडता पोटावर पालथा पडणारा माणूस घ्या. त्याचा टर्मिनल वेग सेकंदाला ५५ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतो. V = gT वरून त्याचा T साडेपाच सेकंदांच्या थोडा वर येतो. उडीनंतर एका सेकंदाने त्याचा वेग सेकंदाला ९.७ मीटर असतो, आणि हवा नसती तरी ९.८ च असता. म्हणजे तोच एक सेकंद ढगातल्या थेंबुट्यासाठी अनंतासारखा आहे आणि या माणसासाठी नुसती सुरुवात.

आता पावसाच्या खऱ्या थेंबाकडे येऊ. २ मिलीमीटरच्या थेंबाभोवतीची हवा गुळगुळीत सरकत नाही. त्याच्या मागे भोवरे उठतात, आणि रोध वेगाच्या नव्हे, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरावा लागतो. वेग दुप्पट तर रोध चौपट. समीकरण बदललं की सूत्रही बदलतं:

v(t) = V tanh(t/T)

इथेही T = V/g. tanh हे नाव परकं वाटेल, पण ते e च्या दोन घातांकांतूनच बनलेलं आहे. x = t/T धरलं तर

tanh x = (e^x − e^(−x)) / (e^x + e^(−x))

यात x अनंताकडे नेलं तर वरही अनंत आणि खालीही अनंत, आणि अनंत भागिले अनंत याला काही ठरावीक किंमत नसते. इथे मुलं अडकतात. वर आणि खाली दोन्हींना e^x ने भागायचं. मग वर 1 − e^(−2x) उरतं आणि खाली 1 + e^(−2x). आता काही अडचण नाही. दोन्हीतलं e^(−2x) शून्याकडे जातं, गुणोत्तर १ कडे जातं आणि वेग V कडे. त्या घातांकातला २ मला फार आवडतो. तो सांगतो की शेवटी शेवटी इथली तूट थेंबुट्याच्या सूत्रापेक्षा झपाट्याने संपते, कारण वर्गाच्या प्रमाणातला रोध V च्या जवळ जास्त कडक वागतो.

आकडे घालू. V सेकंदाला ६.५ मीटर, म्हणून T येतो ०.६६ सेकंद. थेंब सुटल्यावर एक तृतीयांश सेकंदाने त्याचा वेग ३ मीटर असतो. ०.६६ सेकंदाने सुमारे ५ मीटर. दोन सेकंदांनी ६.४७. तोवर तो दहा मीटर खाली आलेला असतो, म्हणजे साधारण तीन मजले. तीन सेकंदांनी तूट उरते सेकंदाला दीड मिलीमीटर. पाच सेकंदांनी ती मिलीमीटरच्या हजारांशांत मोजावी लागते, आणि अजून त्याने तीस मीटरही कापलेले नसतात. दोन किलोमीटरच्या प्रवासातले सगळे उरलेले मीटर तो V आणि V यांच्यातला फरक कोणाला कळणार नाही अशा वेगाने उतरतो.

या सूत्रात आणखी एक सीमा दडलेली आहे. ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच असते. समजा दुसरा एक थेंब त्याच उंचीवरून, त्याच क्षणी निघाला, पण पहिल्यापासूनच पूर्ण V वेगाने. आपला थेंब सुरुवातीला मंद होता, म्हणून तो मागे पडणारच. किती मागे? वेगाच्या सूत्रावरून अंतर काढलं, तर हे मागे पडणं काळाबरोबर वाढत वाढत V गुणिले T गुणिले ०.६९३ या सीमेकडे जातं. आपल्या थेंबासाठी ते बरोबर ३ मीटरच्या आसपास येतं. पाच सेकंदांनी तो ३ मीटर मागे असतो, पाच मिनिटांनीही ३ मीटरच. तूट पूर्ण कधीच संपली नाही, तरी तिच्यामुळे झालेलं नुकसान मर्यादित राहिलं. कधीच न संपणाऱ्या गोष्टीची बेरीज ठरावीक असू शकते हे वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

आणि पागोळीचं काय? ५ मिलीमीटरच्या थेंबाचा V सेकंदाला ९.१ मीटर आहे. अडीच मीटर उतरताना त्याला ६.१ च गाठता येतो, म्हणजे सीमेच्या दोन तृतीयांश. जमिनीला टेकतो तेव्हाही त्याचा वेग वाढतच असतो. पावसाचा थेंब आपल्या सीमेशी कधीचा पोहोचून, म्हणजे पोहोचल्यासारखा होऊन, येतो. पागोळीचा थेंब वाटेतच असतो. दोघांचे वेग जवळजवळ सारखे येतात हा योगायोग आहे, पण वजनात पागोळीचा थेंब पंधरापट भारी, म्हणून हातावर तो लागतो.

हे ६.५ आणि ९.१ कुठून आले? सूत्रातून नाही, मोजून. फिलिप लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये पावसाच्या थेंबांवर प्रयोग प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्याला कॅथोड किरणांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याने थेंब पाडण्याऐवजी खालून वर हवेचा झोत सोडला आणि थेंब त्यात तरंगत ठेवला. थेंब जागच्या जागी राहिला की झोताचा वेग म्हणजेच थेंबाचा टर्मिनल वेग. अनंत काळ थांबायची गरज नाही आणि उंच मनोराही नको. १९४९ मध्ये अमेरिकेत गन आणि किन्झर यांनी स्थिर हवेत पडणाऱ्या थेंबांचे वेग अतिशय काटेकोर मोजले. त्यांचे आकडे आजही वापरले जातात: १ मिलीमीटरच्या थेंबाला ४.०३, २ ला ६.४९, ४ ला ८.८३, ५ ला ९.०९ मीटर.

या आकड्यांतच आपल्या सूत्राची मर्यादा वाचता येते. रोध निखळ वर्गाच्या प्रमाणात असता आणि थेंब निखळ गोल असता, तर व्यास दुप्पट झाल्यावर टर्मिनल वेग १.४१ पट व्हायला हवा होता. १ वरून २ मिलीमीटरला जाताना तो १.६१ पट झाला, म्हणजे लहान थेंबाला हवेची चिकटाई अजून जाणवते आणि वर्गाचा नियम तिथे पुरता बसत नाही. २ वरून ४ ला जाताना तो १.३६ पटच झाला, आणि ४ वरून ५ ला जाताना जेमतेम वाढला. मोठा थेंब खालून हवेच्या दाबाने चपटा होतो. चित्रांत काढतात तसा टोकदार अश्रू तो कधीच नसतो, पावाच्या लादीतल्या एका पावासारखा, खालून सपाट आणि वरून फुगीर असतो. चपटा झाला की हवेसमोरचं क्षेत्रफळ वाढतं आणि वेग अडतो. त्याहून मोठा झाला की तो फुटतो. म्हणून पाऊस कितीही जोराचा असला तरी त्याचे थेंब सेकंदाला साधारण नऊ-सव्वानऊ मीटरच्या पुढे जात नाहीत.

दुसरी मर्यादा हवेची. सूत्रात V ठरलेला धरला होता, पण वर हवा विरळ असते. दोन किलोमीटरवर २ मिलीमीटरच्या थेंबाचा टर्मिनल वेग जमिनीपाशी असतो त्याहून आठ-दहा टक्क्यांनी जास्त असतो. म्हणजे थेंब ज्याच्या मागे धावतो, ते लक्ष्यच खाली येताना हळूहळू कमी होतं. T दोन तृतीयांश सेकंद आणि हवा दाट व्हायला मिनिटं लागतात, म्हणून थेंब त्या सरकत्या लक्ष्याला चिकटून राहतो. त्यामुळे वरून खाली येताना पावसाच्या थेंबाचा वेग पहिल्या दोन-तीन सेकंदांनंतर वाढत नाही, उलट किंचित घटतो. याचं टोकाचं रूप १४ ऑक्टोबर २०१२ ला दिसलं. फेलिक्स बॉमगार्टनरने न्यू मेक्सिकोवर सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली. इतक्या विरळ हवेत रोध जवळजवळ नव्हताच, आणि पहिल्या मिनिटाच्या आतच त्याने ताशी १,३५७ किलोमीटरचा वेग गाठला, आवाजाहूनही जास्त. मग दाट हवेत शिरल्यावर छत्री उघडायच्या आधीच त्याचा वेग कमी होत गेला. त्याच्यासाठी एकच एक V धरून सीमा काढली असती, तर हिशेब पार चुकला असता.

पावसाच्या थेंबासाठी मात्र सीमा इतकी भरवशाची आहे, की तिच्यावर उपकरणं बेतलेली आहेत. १९६७ मध्ये योस आणि वाल्डफोगेल या स्विस शास्त्रज्ञांनी थेंब मोजायचं एक यंत्र केलं. त्याला डिस्ड्रोमीटर म्हणतात. तळहाताएवढ्या पृष्ठावर थेंब आपटला की यंत्र त्या आपटीचा जोर विजेच्या ठोक्यात बदलतं. जोर ठरतो वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने. यंत्राला दोन्हींपैकी एकही माहीत नसतं, फक्त गुणाकार कळतो. तरी ते थेंबाचा व्यास सांगतं, कारण थेंब टर्मिनल वेगानेच आला असणार असं ते गृहीत धरतं, आणि गन-किन्झरसारख्या आकड्यांवरून प्रत्येक व्यासाला एकच वेग ठरलेला असतो. महाबळेश्वरच्या डोंगरावर, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या प्रयोगशाळेत, ढग आणि पाऊस यांचा अभ्यास चालतो. तिथे सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवा इतकी विरळ आहे, की आपला २ मिलीमीटरचा थेंब समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्के जास्त वेगाने पडतो. अशा जागी थेंबांचे आकार मोजताना समुद्रसपाटीचे आकडे दुरुस्त करून घ्यावे लागतात.

असं यंत्र पागोळीखाली ठेवलं तर काय होईल, हे गणित मी त्या मुलीच्या वर्गाला घरी करायला दिलं होतं. ५ मिलीमीटरचा थेंब सेकंदाला ६.१ मीटरने येतो. व्यासाच्या घनाला वेगाने गुणलं की १२५ गुणिले ६.१, म्हणजे ७६० च्या आसपास. आता यंत्र विचारतं, की टर्मिनल वेगाने आलेल्या कोणत्या थेंबाचा गुणाकार एवढा भरेल? ४.४ मिलीमीटर धरलं तर घन ८५, टर्मिनल वेग ८.९५, गुणाकार ७६० च्या थोडा वर. यंत्र ४.४ मिलीमीटर लिहून ठेवतं. सहा दशांश मिलीमीटरची चूक लहान वाटते, पण पाण्याचं माप घनात जातं, आणि त्या एका थेंबातलं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी नोंदीतून गायब झालेलं असतं. यंत्रात काही बिघाड नसतो. थेंबाला सीमेजवळ जायला पुरेशी उंची मिळालेली नसते. म्हणून डिस्ड्रोमीटर झाडापासून आणि वळचणीपासून दूर, उघड्या आभाळाखाली मांडतात.